ब्राऊ हिनाचं ‘शंभर टक्के नैसर्गिक’ पाकीट

फिरणारा दावा असा: «भुवयांना हेअर डाय लावू नका, ब्राऊ हिना वापरा. शंभर टक्के नैसर्गिक, अमोनिया नाही, म्हणून ॲलर्जी होत नाही आणि पॅच टेस्टचीही गरज नाही. नुसत्या पाण्यात कालवा, पंधरा मिनिटांत गडद तपकिरी भुवया, दीड-दोन महिने टिकतात. किट नसेल तर घरची काळी मेहंदी लावली तरी चालते.»

सुरुवात ‘पंधरा मिनिटांत गडद तपकिरी’पासून करू, कारण बाकीचं सगळं त्यातच उघडं पडतं. मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते नारिंगी-लालसर रंगतं आणि त्याला वेळ लागतो. हातावरची मेहंदी रात्रभर ठेवण्याचं कारण तेच. नुसत्या मेहंदीतून तपकिरी किंवा काळा रंग निघत नाही. नीळ मिसळली तर गडदपणा येतो, पण तिलाही पंधरा मिनिटं पुरत नाहीत. एवढ्या वेळात कॉफीसारखा रंग चढत असेल, तर पाकिटात मेहंदीच्या जोडीला दुसरं काहीतरी काम करतंय.

ते काय, हे पाकीट उलटं केलं की कळतं. पुढच्या बाजूला पानांचं चित्र आणि ‘हर्बल’ असतं. घटकांची यादी मागे, बारीक अक्षरांत. तिच्यात लॉसोनिया इनर्मिस, म्हणजे मेहंदी, दिसली की बरेच जण वाचणं थांबवतात. थांबू नका. पुढे पी-फेनिलिनडायअमाइन (पीपीडी), टोल्युइन-२,५-डायअमाइन, एम-ॲमिनोफेनॉल, सोडियम पिक्रामेट किंवा बेरियम पेरॉक्साइड यांपैकी काही आहे का ते शोधा. काही पाकिटांवर नावाऐवजी रंगाचा क्रमांक असतो: सीआय 76060 म्हणजे पीपीडी, आणि सीआय 75480 म्हणजे मेहंदी. घटकांची यादीच नसेल, तर ते पाकीट भुवईजवळ नेऊ नये.

‘नुसत्या पाण्यात कालवा’ याचाही उलगडा याच यादीत होतो. ट्यूबमधल्या टिंटला वेगळा डेव्हलपर लागतो, बहुतेक किटांत सुमारे 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा. पावडरमध्ये तेच काम बेरियम पेरॉक्साइड करतं: पाणी पडलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि मिश्रण अल्कधर्मी होतं. डेव्हलपरची बाटली नाही म्हणजे रासायनिक क्रिया नाही, असं नव्हे.

खात्री करायची असेल तर चिमूटभर पावडर पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात कालवून उघडी ठेवा. निव्वळ मेहंदी हिरवट-मातकट राहते आणि कागदावर पिवळट-नारिंगी डाग सोडते. ऑक्सिडेशनवर चालणारा रंग असेल, तर हवा लागलेल्या कडांपासून मिश्रण दहा-पंधरा मिनिटांत काळवंडू लागतं. मात्र काळवंडलं नाही म्हणून माल निर्धोक ठरत नाही. सोडियम पिक्रामेटसारखे रंग हवेवर अवलंबून नसतात, ते पाण्यात लगेच लालसर उतरतात.

अमोनियाचा मुद्दा चटकन संपतो. अमोनिया केसाचा बाहेरचा थर सैल करतो. त्याचा वास उग्र, डोळ्यांत पाणी येतं, म्हणून तो बदनाम. पण हेअर डायच्या ॲलर्जीत मुख्य आरोपी पीपीडी आणि त्याची भावंडं. अमोनिया काढला तरी ती आत असू शकतात.

पॅच टेस्ट टाळा हा सल्ला या दाव्यातला सगळ्यात घातक भाग आहे. पीपीडीची ॲलर्जी उशिरा उठते. पहिल्या संपर्कात शरीर नुसतं ‘ओळख’ करून घेतं, त्याला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्यांदा काहीच होत नाही, आणि ‘मला चालतं’ असं वाटून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लावलं की एक-दोन दिवसांत पापण्या सुजतात. भुवईला लावलेल्या रंगाने पापणी का, तर तिथली कातडी चेहऱ्यावर सगळ्यांत पातळ असते. लग्नसराईत हातावर ‘काळी मेहंदी’ काढल्यावर कधी खाज किंवा फोड आले असतील, तर ती ओळख आधीच झालेली असू शकते. अशा व्यक्तीने घरी पॅच टेस्टही करू नये. थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं.

इतरांनी टेस्ट अशी करावी: वापरणार तीच छटा, त्याच प्रमाणात कालवून, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला छोटा ठिपका लावावा. पत्रकात सांगितलेला वेळ झाला की धुवावा. वर पट्टी बांधू नये आणि दिवसभर तसाच ठेवू नये, कारण जास्त वेळ आणि बंद जागा यांनी टेस्टमधूनच ॲलर्जी लागण्याची शक्यता वाढते. मग 48 तास वाट पाहावी, शक्य असेल तर 72. लाली, खाज, पुरळ किंवा ओलसरपणा यांपैकी एकही दिसलं तर विषय संपला. काही दिसलं नाही तरी ती कायमची परवानगी नाही. प्रत्येक वेळी नव्याने टेस्ट करावी. पार्लरमध्ये आयब्रो करून लगेच टिंट लावण्याची पद्धत आहे, तीही टाळा. दोरा फिरल्यावर त्वचेला बारीक इजा झालेली असते. मध्ये निदान दोन दिवस जाऊ द्या.

टिकण्याचं गणित दाव्यात सरळ चुकलेलं आहे. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या भुवयांवर तपकिरी रंग केसांवर फारसा दिसतच नाही. भुवई भरलेली वाटते ती खालच्या त्वचेवर बसलेल्या डागामुळे, आणि त्वचेचा वरचा थर सतत झडत असतो. त्यामुळे तो भरीवपणा काही दिवस ते फार तर दोन आठवडे राहतो. तेलकट त्वचा, रोजचा स्क्रब, रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक ॲसिड असेल तर आणखी लवकर जातो. पांढऱ्या केसांवरचा रंग तीन-चार आठवडे, कधी त्याहून थोडा जास्त दिसतो. मग भुवईचे केस गळून नवे येतात आणि पांढरी मुळं डोकावतात. दोन महिने टिकावा म्हणून मिश्रण जास्त वेळ ठेवलं, तर त्वचेशी संपर्क तेवढा वाढतो. डोक्याच्या केसांचा 6 किंवा 9 टक्क्यांचा डेव्हलपर टिंटमध्ये घालणं तर त्वचा भाजून घेण्याचा मार्ग.

राहिली घरची काळी मेहंदी. तिचा काळा रंग बहुतेकदा पीपीडीचाच असतो, म्हणजे ती नावाला मेहंदी, प्रत्यक्षात हेअर डायच. पीपीडी किंवा तत्सम रंग असलेल्या हेअर डायच्या पाकिटावर भारतीय नियमांनुसार एक इशारा छापावा लागतो: आधी चाचणी करा, आणि पापण्या किंवा भुवया रंगवण्यासाठी वापरू नका, त्याने अंधत्व येऊ शकतं. तो उगाच आलेला नाही. 1930च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ या पापण्या-भुवयांच्या रंगाने दृष्टी गेल्याच्या आणि मृत्यूच्याही घटना घडल्या होत्या.

रंग डोळ्यात गेला तर कॉन्टॅक्ट लेन्स काढून स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. लावल्यावर खाज किंवा सूज आली तर रंग भरपूर पाण्याने धुऊन गार पट्टी ठेवा, डॉक्टरांकडे जा. चेहरा झपाट्याने सुजला किंवा श्वास अडकू लागला तर थेट रुग्णालय गाठा. आणि पाकीट कचऱ्यात टाकण्याआधी मागच्या यादीचा फोटो काढून ठेवा; कोणत्या घटकाची चाचणी करायची हे त्वचारोगतज्ज्ञ त्यावरूनच ठरवतात.