आईची कूस आणि फोमची गादी

«आपल्या आज्या-पणज्या बाळाला कुशीत घेऊनच झोपल्या, एकाही बाळाला काही झालं नाही. आईला झोपेतही जाग असते. बाळाला वेगळं निजवणं हे परदेशी खूळ. कुशीतलं बाळ शंभर टक्के सुरक्षित!» असा निरोप फोनवर फिरत असतो.

आधी आज्यांबद्दल. तान्हं मूल रात्रीत दगावलं तर त्या काळी कारण कोण शोधत होतं? 'दृष्ट लागली', 'बाहेरचं झालं' म्हणत घरचे गप्प बसत. जी मुलं जगली त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. शिवाय त्या आज्यांचं अंथरूण वेगळं होतं: सारवलेल्या जमिनीवर चटई आणि वर एखादी पातळ गोधडी. आज तालुक्याच्या गावातून फोमची जाड गादी येते. आईच्या वजनाने तिला खळगा पडतो, बाळ त्यात घरंगळतं आणि त्याचं नाक आईच्या अंगाला किंवा गादीला टेकतं. पहिल्या चार महिन्यांत, म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो त्या काळात, बाळाला मान वळवून स्वतःला सोडवता येत नाही. रडूही फुटत नाही, म्हणून शेजारच्या माणसाला कळतच नाही.

आईला झोपेतही जाग असते, हे म्हणणं अर्धं खरं आहे. अंगावर पाजणारी आई बहुधा बाळाकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपते आणि वरचेवर चाळवते. पण गुंगी आणणारं खोकल्याचं औषध घेतलं असेल, दारू घेतली असेल, तर ही जाग भरवशाची राहत नाही. आणि ती जाग आईची. बाबाची नाही, आजीची नाही, शेजारच्या चार वर्षांच्या ताईची तर मुळीच नाही. म्हणून बाळ 'मध्ये' झोपवू नये. अंथरुणातलं कुणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा आईने गरोदरपणात ओढली असेल, तर ती खोलीबाहेर ओढली म्हणून धोका टळत नाही. अशा घरात बाळाला वेगळ्या अंथरुणावरच ठेवावं.

परदेशी म्हणाल, तर बाळासाठी वेगळी जागा आपल्याकडेही होतीच. बारसं पाळण्यातच होतं. (साडीची झोळी मात्र रात्रभरासाठी नको. तिच्या बाकामुळे हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो.) अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीत बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या जागी झोपवा असं आहे. त्याच शिफारशीत आणखी एक गोष्ट आहे, जी कुणी पुढे पाठवत नाही: पाजताना डोळा लागण्याची शक्यता असेल, तर सोफ्यापेक्षा किंवा आरामखुर्चीपेक्षा पलंग कमी धोक्याचा. अंथरुणात घेतलं म्हणून घरचे ओरडतील या भीतीने सोफ्यावर बसून पाजणारी आई जास्त धोक्यात असते. सोफ्याची उशी आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत बाळ कधी सरकलं, तिला समजत नाही.

आता एक घर धरू. गुहागरकडचं माहेर, श्रावणातला पाऊस, बाळ महिन्याचं, जन्माचं वजन सव्वादोन किलो. आजी म्हणते, एवढंसं पोर, ऊब हवी, कुशीतच घे. काळजी खरी आहे, पण अडीच किलोच्या आतलं किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळच अंथरुणात जास्त धोक्यात असतं. त्याची ऊब जागेपणी द्यावी: कांगारू पद्धतीने, उघड्या छातीशी उभं बांधून, आई अर्धवट टेकून बसलेली. पलंग भिंतीला लावलेला, मधली फट उशांनी बुजवलेली. या उशाच आधी काढायच्या. जमिनीवर झोपावं तर पावसात मण्यार निघते आणि झोपलेल्या माणसालाच चावते, ही भीती कोकणात कुणी खोटी म्हणणार नाही.

तिथे असं जमतं. चटईवर दोन घट्ट, पातळ कापसाच्या गाद्या शेजारी. मोठी आईची, छोटी बाळाची. दोन्हींवर एकच मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचलेल्या, कापड ताणलेलं, बाळाच्या तोंडावर लोंबणार नाही असं. डास अडतात आणि मण्यारही. बाळ उताणं, उशीशिवाय, डोक्यावर टोपडं नाही, दुपट्यात करकचून बांधलेलं नाही. आईचं पांघरूण कमरेपर्यंत, केस बांधलेले. ताई आईच्या पाठीमागे. रात्री पाजायला जवळ घ्यायचं, झालं की हातभर अंतरावर परत ठेवायचं. मध्येच डोळा लागला तरी आसपास उशी, गोधडी, फट काही नाही. जाग आली की परत ठेवायचं.

बाळाची मानेमागची त्वचा घामाने ओली लागली तर एक कपडा कमी करा. ओठ निळसर दिसले, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ अंगावर ओढेनासं झालं, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.