कागदी कप कागदाचा नसतो, आणि आज ऑफिसात मी एवढंच म्हणाले

आज ऑफिसात पर्यावरण दिन साजरा झाला. हिरवा शर्ट किंवा साडी कम्पल्सरी. एच.आर.ने प्रोजेक्टरवर शपथ लावली, आम्ही बेचाळीस जणांनी हात पुढे करून म्हटली, 'मी एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक वापरणार नाही.' आणि हात खाली घेतल्या घेतल्या चहा आला. कागदी कपात. कपावर हिरवं पान छापलेलं.

मी म्हटलं, अहो, यात प्लास्टिक आहे. एच.आर.वाली हसून म्हणाली, 'अगं, पेपर आहे तो! रिसायकल होतो.' सगळे माझ्याकडे लग्नात भांडण काढणाऱ्या आत्याकडे बघावं तसं बघायला लागले. मी गप्प बसले, चहा प्यायले (हो, त्याच कपातून), आणि घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

रिसायकल होतो म्हणे! मी नेलेत ना रद्दीवाल्याकडे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मलाही वाटायचं की कागद तो कागद. महिनाभर ऑफिसातले कप मी पोत्यात जमवले. मावशींना सांगून ठेवलं होतं की कप वेगळे काढा, एकात एक घालून ठेवा. शनिवारी स्कूटरवर पुढे पोतं ठेवून आमच्या कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्या काकांकडे गेले. आंबट दुधाचा वास सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यापर्यंत जात होता. काकांनी पोतं उघडलं, एक कप काढला आणि उभा टर्रकन फाडला. फाटलेल्या कडेला नख घालून आतला पापुद्रा ओढून दाखवला. 'ताई, हा रद्दीत पण जात नाही आणि भंगारात पण नाही. घेऊन जा.' वजनकाट्यावर ठेवलासुद्धा नाही.

तो पापुद्रा म्हणजेच पॉलिथिलीन. पिशवीचं असतं तेच. कपाच्या कागदावर वितळलेल्या पॉलिथिलीनचा पातळ पडदा सोडतात आणि रुळांमधून दाबून काढतात. मध्ये गोंद-बिंद काही नसतो, गरम प्लास्टिक कागदाच्या तंतूंतच शिरून बसतं. ते नसेल तर चहा दोन मिनिटांत बाहेर. पूर्वी मेण लावायचे, पण गरम चहात मेण वितळतं. शिवाय कपाची उभी शिवण आणि बूड चिकटतं तेही याच प्लास्टिकला गरम करून. म्हणजे प्लास्टिक काढलंत तर नुसता गळका कप राहत नाही, कपच राहत नाही. वजनात ते पाच ते दहा टक्केच असतं, बाकी सगळा कागद. पण त्या पाच-दहा टक्क्यांनी काकांच्या दुकानातून पोतं परत पाठवलं.

माझा मावसभाऊ वापीला एका पेपर मिलमध्ये आहे. पोतं परत आलं त्या रात्री त्याला फोन केला होता. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, रद्दी आमच्याकडे पल्परमध्ये जाते. पल्पर म्हणजे राक्षसी मिक्सर समज. पाणी, रद्दी, खाली फिरणारं पातं. वर्तमानपत्र, पुठ्ठा पटकन विरघळतो. तुझा कप एका बाजूने प्लास्टिकचा, म्हणजे पाणी एकाच बाजूने शिरणार. बाकी रद्दीचा लगदा तयार होऊन पुढे निघाला तरी तुझ्या कपाचे तुकडे तसेच. ते चाळणीवर अडकतात आणि तंतूंसकट कचऱ्यात जातात. बारीक तुकडे निसटून पुढे गेले तर नव्या कागदावर ठिपके दिसतात, गिऱ्हाईक माल परत पाठवतं.

मग अजिबात होतच नाही का? इथे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं की होतं. नुसत्या कपांचा वेगळा घाणा लावायचा, जास्त वेळ फिरवायचा, मोठ्या चाळण्या ठेवायच्या, की पापुद्रा सुटतो. आणि गंमत म्हणजे आतला कागद उत्तम असतो, लांब तंतूंचा, बहुधा कोरा. पण त्यासाठी मिलला टनावारी कप लागतात, नुसते कप, तेही धुतलेले. माझं पोतं भरलं सहा-सात किलोंचं, वर दुधाची साय, दोन बिस्किटांचे कागद आणि कोणाची तरी विडी. ते गोळा कोण करणार, धुणार कोण, वापीला नेणार कोण? इंग्लंडात असे कप रिसायकल करू शकणाऱ्या मोजक्या मिल आहेत, तरी 2018 साली तिथल्या संसदेच्याच समितीने लिहिलं की चारशे कपांमागे एकसुद्धा कप धड रिसायकल होत नाही. आणि आपण हिरवं पान छापून मोकळे.

थांबा, अजून राग यायचाय. आपल्या राज्यात 2022 च्या जुलैमध्ये प्लास्टिकचा थर दिलेले कप-ताटल्या बंदीत घातल्या. तमिळनाडूत तर 2019 पासून बंदी आहे, ती सुप्रीम कोर्टातही टिकली. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी 2020 सालीच दाखवलं होतं की अशा कपात पंधरा मिनिटं गरम पाणी ठेवलं तर शंभर मिलीत प्लास्टिकचे पंचवीस हजार सूक्ष्म कण उतरतात. त्या कणांनी पोटात नेमकं काय होतं ते मी सांगू शकत नाही, मी अकाउंट्सला आहे. पण मीटिंगमध्ये चहा पंधरा मिनिटं थंड होत पडतो, हे मी रोज बघते.

बरं, राग बाजूला. अकाउंट्सला आहे म्हटलं, तर हिशोबच करू.

आमच्याकडे दोनदा चहा, पाहुणे धरून दिवसाला शंभर कप. शंभराचं पाकीट सत्तर रुपयांना. महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे वर्षाला तीस हजार कप आणि एकवीस हजार रुपये. स्वयंपाकाच्या काट्यावर शंभर कप 220 ग्रॅम भरले, म्हणजे वर्षाला 66 किलो. चार-पाच किलो प्लास्टिकपायी साठ किलो चांगला कागद कचरा डेपोत.

आता काचेचे कटिंगचे ग्लास घेऊ. मी मुद्दाम काचेचे म्हणते. स्टीलचा एकेरी ग्लास गरम चहाला हातात धरवत नाही, काचेचा जाड असतो आणि स्वच्छ आहे की नाही तेही लगेच दिसतं. अठरा रुपयांना एक, साठ घेतले तर 1,080. महिन्याला पाच फुटतील असं धरू, वर्षाचे आणखी 1,080. आणि धुण्याचे मावशींना महिना हजार रुपये जास्त, वर्षाचे बारा हजार. साबण, घासणी धरूनसुद्धा पंधरा हजाराच्या आत. तरी सहा हजार वाचतात!

मी हे गेल्या वर्षी अॅडमिनला मेल केलं होतं. उत्तर आलं, 'प्रत्येकाने आपापला मग आणावा.' आणले. पंधरा दिवसांत अर्धे मग डेस्कवर बुरशी धरून, चार हरवलेले, आणि पाहुण्यांसाठी पुन्हा कागदी कप. चूक माझीही होती. धुण्याचे पैसे मावशींना देण्याची ओळ मी मेलमध्ये शेवटी टाकली होती, ती कोणी वाचलीच नाही. मावशींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, 'ताई, शंभर कप मीच धुवायचे ना? पगार तोच?' कागदी कप कुणाच्या हातांचं काम वाचवतात हे तेव्हा कळलं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय साहेबांनी ग्लास आणू नयेत असं मलाच आता वाटतं.

टपरीवर गोष्ट आणखी अवघड. आमच्या गल्लीतल्या चहावाल्या दादांना मी मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं, काचेचे ग्लास का बंद केले? ते म्हणाले, 'ताई, नळ कुठाय मला? वीस लिटरचे दोन कॅन, तेवढंच पाणी. आणि कोविडनंतर गिऱ्हाईक ग्लास बघून मागे सरतं.' त्यांचंही खरं आहे. एकाच बादलीत दोनशे ग्लास बुडवून काढलेलं करडं पाणी आपण सगळ्यांनी बघितलंय. त्या बादलीची बाजू मी घेणार नाही.

पण बादली हा काही एकच मार्ग नाही. पुण्यातच एका टपरीवर मी बघितलं, तीन टब. पहिल्यात साबण आणि बाटलीचा ब्रश, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात शेगडीवरून उतरवलेलं कढत पाणी. शेगडी तर दिवसभर पेटलेलीच असते. ग्लास चिमट्याने काढून जाळीच्या क्रेटमध्ये उपडे, फडक्याने पुसायचे नाहीत. कढत पाण्यामुळे आपोआप वाळतात. दुसऱ्या टबातलं पाणी गढूळ झालं की ते पहिल्यात ओतायचं, दुसऱ्यात नवं भरायचं. दोन कॅनमध्ये भागतं, मात्र गर्दीच्या वेळी धुवायला एक माणूस लागतो. तेवढा माणूस परवडत नसेल तर दादांनी निदान उभ्या गिऱ्हाइकाला ग्लास द्यावा आणि ऑफिसचा चहा थर्मासमधून पाठवावा. ग्लास ऑफिसने ठेवावेत. पूर्वी पोऱ्या तारेच्या स्टँडमध्ये सहा ग्लास घेऊन यायचा आणि रिकामे परत न्यायचा, आठवतंय? चहा गेला तरी ग्लास परत यायचा.

कमेंटमध्ये कोणीतरी कुल्हड लिहिणारच. छान लागतो, कबूल. पण भट्टीत भाजलेली माती एका चहासाठी फोडायची आणि ती खापरं वर्षानुवर्षं तशीच, हे मला पटत नाही. आणि 'बायोडिग्रेडेबल' कोटिंगवाले कप? पीएलए नावाच्या प्लास्टिकचा तो थर कंपोस्ट कारखान्याच्या साठ अंशांच्या उष्णतेत विरतो, कुंडीत नाही. काकांनी तोही टर्रकन फाडून परतच दिला असता.

दवाखाना, रक्तदान शिबिर, वारीतलं चहावाटप... तिथे वापरा बाबा. मी भांडायला येत नाही.

आता रात्रीचे साडेदहा झालेत. आल्या आल्या मी पर्समधून आजचा तो हिरव्या पानाचा कप काढला आणि धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात बुडवून ठेवला. मघाशी बोटाने चोळला तर पानासकट सगळा कागद लापशीसारखा सुटून आला आणि हातात राहिला फक्त पापुद्रा. पारदर्शक, ओला, अजून कपाच्याच आकाराचा. खिडकीत चिमट्याला लावलाय. सासूबाई आत्ता पाणी प्यायला उठल्या होत्या, म्हणाल्या, 'हे काय वाळत घातलंयस गं?'

सोमवारी एच.आर.च्या टेबलावर ठेवणार आहे. सोबत ते मेल, प्रिंट काढून. मावशींच्या हजार रुपयांची ओळ या वेळी सगळ्यात वर.