एकशे सोळा टक्के माल

लॅबच्या नोटीस बोर्डवर माझा ग्राफ लागला आहे. त्यावर लाल शाईत, तिरकं, ‘नमुना अशुद्ध’ असं लिहिलंय आणि खाली दोन रेघा ओढल्यात. लिहिणारा माझा गाईड नाही, परीक्षक नाही, लॅबमधला कुणीच नाही. पदार्थ तापवत त्याचं वजन मोजणाऱ्या टीजीए मशीनवर माझ्यानंतर त्याचा नंबर होता, एवढाच त्याचा आणि माझ्या संशोधनाचा संबंध.

मी तापवत होते कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट, CaC2O4·H2O. याच्याइतका सरळमार्गी पदार्थ शोधून सापडायचा नाही. मशीन नीट चालतंय का हे बघायलाही हाच तापवतात, कारण याचं वजन तीन स्वच्छ पायऱ्यांनी उतरतं आणि प्रत्येक पायरीचा हिशेब आधीच मांडता येतो. पहिल्यांदा पाणी जातं, मग कार्बन मोनॉक्साइड जाऊन कॅल्शियम कार्बोनेट उरतं, शेवटी कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड जातो आणि पॅनमध्ये राहतो चुना, म्हणजे CaO. मी १२.४० मिलिग्रॅम नमुना घेतला, नायट्रोजन सोडला, मिनिटाला १० अंश असा वेग लावला आणि ९०० अंशांपर्यंत सुमारे दीड तास स्वस्थ बसायचं ठरवलं.

स्वस्थ! शेजारच्या स्टुलावर गृहस्थ येऊन बसले. खिशाला लाल पेन. ज्याच्या खिशाला लाल पेन असतं त्याला जगात कुठेतरी चूक झाली असणारच याची खात्री असते, फक्त ती कुठे झाली हे शोधायचं बाकी असतं.

“काय तापवताय मॅडम?”

मी सांगितलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तेव्हा तापमान १७० च्या आसपास होतं आणि रेघ खाली घसरत होती.

“हे पाणी जातंय म्हणता?”

“हो.”

“पाणी शंभराला उकळतं.”

“अहो, हे भांड्यातलं पाणी नाही. स्फटिकात बांधलेलं पाणी आहे. ते सोडवायला जास्त उष्णता लागते. शिवाय आपण भराभर तापवतोय, त्यामुळे पायरी आणखी पुढे सरकते. सावकाश तापवलं तर अलीकडे दिसेल.”

“म्हणजे तापमान नक्की नाही?”

“पायरीचं तापमान वेगावर, पॅनवर, वायूवर हलतं. वजनाची घट हलत नाही. म्हणून ओळख पटवायची ती घटीवरून.”

“शाळेत शंभरच शिकवलं होतं,” ते म्हणाले. आवाजात शाळेचा अपमान झाल्याचा सूर होता. खरं तर मी तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण मला समजावून सांगायची खोड आहे आणि तिच्यापायी मी आजवर अनेकांच्या चहाची वेळ वाया घालवली आहे.

पुढची २०० अंश रेघ आडवी होती, गृहस्थही गप्प होते, तो काळ सुखाचा गेला. मग ४५० च्या पुढे रेघ पुन्हा घसरायला लागली आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “हा कार्बन मोनॉक्साइड.”

गृहस्थ ताडकन उठले. “विषारी!”

“अहो, पूर्ण नमुन्यातून सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास निघणार. चमचाभर सुद्धा वायू नाही, आणि तोही नळीतून बाहेर जातो…”

तोवर त्यांनी खिडकी उघडली होती. उघडली म्हणजे तिचं अडकलेलं तावदान खांद्याने हाणून मोकळं केलं. सबंध टेबल हललं. मिलिग्रॅमचा हजारावा भाग टिपणारा तो तराजू त्या टेबलावर होता. ४८० अंशांपाशी, उतरत्या रेघेत, एक नाजूक दात उमटला.

गृहस्थ परत आले, वाकले आणि त्यांनी त्या दातावर बोट ठेवलं. काचेवर. ठसा अजून आहे.

“आणि ही कोणती अभिक्रिया?”

“तुम्ही खिडकी उघडलीत ती.”

“नाही, नाही. इथे वजन खाली गेलं, परत वर आलं. म्हणजे काहीतरी गेलं आणि काहीतरी आलं.”

नायट्रोजनमध्ये, वायू सोडत असलेल्या ऑक्झलेटवर, बाहेरून वजन यायला वाटच नाही. असा खाली-वर दात काही सेकंदांत संपला आणि पुढची रेघ जिथे असायला हवी तिथूनच चालू झाली, तर तो धक्का असतो, रसायन नसतं. खऱ्या पायरीनंतर रेघ खालच्या पातळीवरच राहते, गेलेला वायू पश्चात्ताप होऊन परत येत नाही. मी हे सगळं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं: ‘४८० – अज्ञात.’

रन संपला. मी ग्राफ छापला आणि पायऱ्या मोजल्या: १३.९ टक्के, १८.८ टक्के, २९.६ टक्के, आणि उरलेला चुना ३७.७ टक्के. बेरीज शंभर. गृहस्थांनी कागद हातातून घेतला (मी दिला नव्हता, तो गेला) आणि लाल पेनाचं टोपण निघालं.

इथे थोडं थांबून मोनोहायड्रेटचा हिशेब सांगते, कारण पुढचा सगळा राग त्यावर उभा आहे. एका मोलचं वजन १४६.१ ग्रॅम. त्यात पाणी १८.०, मोनॉक्साइड २८.०, डायऑक्साइड ४४.० आणि चुना ५६.१. प्रत्येकाला १४६.१ ने भागा: १२.३, १९.२, ३०.१ आणि ३८.४ टक्के. छेद सगळीकडे एकच, सुरुवातीचं वजन, कारण मशीनही सुरुवातीच्याच वजनाचे टक्के दाखवतं. मधल्या पायरीत मोनॉक्साइड गेला की डायऑक्साइड, याचं उत्तरही त्यातच मिळतं. दुसरी पायरी लहान आणि तिसरी मोठी, म्हणजे आधी २८ गेले आणि मग ४४. दोघं एकदम गेले असते तर ४९ टक्क्यांची एकच मोठी पायरी दिसली असती.

गृहस्थांनी मात्र प्रत्येक पायरीला नवा छेद घेतला. पाण्यासाठी १४६. मग पाणी गेलं म्हणून १२८. मग कार्बोनेट राहिलं म्हणून १००. त्यांना मिळालं १२.३, २१.९ आणि ४४.०.

“तुमचा दुसरा टप्पा १८.८. पाहिजे २१.९. कमी! तिसरा २९.६. पाहिजे ४४. फारच कमी! कार्बोनेट भेसळीचं.”

“अहो, तुमचे आकडे एकत्र करून बघा. चुन्याचे ३८.४ पण मिळवा.”

त्यांनी मिळवले. ११६.६. मला वाटलं, आता तरी पेन खिशात जाईल. त्यांनी आकड्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, “म्हणजे माल इतका यायला हवा होता.”

याला काय उत्तर द्यायचं? मी १२.४० मिलिग्रॅम घातले होते. या माणसाला त्यातून साडेचौदा मिलिग्रॅम हवे होते.

“आणि पहिली पायरी?” मी शेवटचा प्रयत्न केला.

“१३.९. पाहिजे १२.३. जास्त आहे. जास्त चालतं.” आणि तिथे त्यांनी बरोबरची खूण केली. मग वर ‘नमुना अशुद्ध’, खाली दोन रेघा, आणि जाताना कागद बोर्डावर, ‘इतरांना उपयोग होईल म्हणून’.

आता माझं दुखणं सांगते. नमुना खरंच ठीक नव्हता.

संध्याकाळी बसून आकडे पाहिले तेव्हा लक्षात आलं. दुसरी, तिसरी आणि चुना, तिन्ही अपेक्षेपेक्षा कमी, आणि तिन्ही साधारण सारख्याच प्रमाणात कमी: दर शंभराला अठ्ठ्याण्णव. भेसळ वेगळ्या कार्बोनेटची असती तर फक्त तिसरी पायरी फुगली असती आणि दुसरी-तिसरीचं २८ ला ४४ हे नातं बिघडलं असतं. इथे नातं शाबूत होतं. म्हणजे ऑक्झलेट चांगलंच होतं, फक्त छेदात कुणीतरी घुसलं होतं: सुमारे १.८ टक्के जादा पाणी. पहिल्या पायरीचा हिशेबही तसाच लागतो. ९८ टक्के मालातलं स्फटिकातलं पाणी १२.१, अधिक वरचं १.८, एकूण १३.९. जी पायरी गृहस्थांनी बरोबर ठरवली, तीच एकटी खोटी बोलत होती. ज्या खोडल्या त्या खऱ्या होत्या. आणि मी ताज्या ग्राफकडे बघून स्वतः काय म्हटलं होतं? “छान आला.” त्यांना रेघांतून हिशेब दिसत नव्हता, मला माझ्या आनंदातून रेघ दिसत नव्हती.

ग्राफ नीट मोठा करून पाहिला तर रेघ सुरुवातीपासूनच वाकली होती. शंभराच्या आधीच दीड-दोन टक्के गेले होते, मग थोडी सपाटी, मग खरी पायरी. तो वरवरचा ओलावा. मी अवक्षेप गाळला, धुतला आणि घाईने फिल्टर पेपरवर रात्रभर ठेवून कोरडा झाला असं जाहीर केलं. अर्थात थोडं डायहायड्रेट, म्हणजे स्फटिकात दुप्पट पाणी बांधलेलं ऑक्झलेट, मिसळलेलं असतं तरीही पाणी जास्तच दिसलं असतं, शुद्ध डायहायड्रेटची पहिली पायरी तर २२ टक्क्यांची असते. नुसत्या ग्राफवरून या दोघांत पैज लावू नये, त्याला एक्स-रे लागतो. पण अवक्षेप मी गरम द्रावणातून काढला होता आणि गरम द्रावणातून मोनोहायड्रेट येतं, त्यामुळे संशयाची सुई माझ्या आळसाकडेच जात होती.

गाईडना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे त्या गृहस्थांच्या म्हणण्यात तथ्य आहे तर.” तथ्य! एखाद्याने पत्ता चुकून तुमच्याच दारात येऊन पडावं आणि त्याला वाटाड्या म्हणून गौरवावं, तसं. मला अजूनही त्या शब्दाचा राग येतो. निकाल बरोबर आला की हिशेब कुणी तपासत नाही. उद्या हाच माणूस चांगल्या नमुन्यालाही ११६ टक्क्यांनी मारेल, आणि तेव्हा तो नमुना त्याला उलटून बोलणार नाही.

नमुना दोन दिवस ओलावा शोषणाऱ्या डेसिकेटरमध्ये ठेवून परत रन घेतला. खिडकीला आधी कागद लावला: ‘उघडू नये’. आकडे आले १२.४, १९.१, ३०.१ आणि चुना ३८.४. सुरुवातीची रेघ सपाट, दात नाही. नवा ग्राफ मी त्या लाल कागदाशेजारी, त्याच उंचीवर, चार टाचण्यांनी लावला.

आज सकाळी पाहिलं. १२.४ वर लाल गोल होता, आणि बाजूला त्याच तिरक्या अक्षरात: ‘आता पाणी कमी पडले. बाकी सुधारणा आहे.’