नव्वद रुपयांचं ताट तीनशे वीसला का पडतं

सध्या फिरणारा मेसेज असा आहे: «केटररचा हिशेब ऐका. घरी हेच ताट ९० रुपयांत होतं, तो ३२० घेतो. ५०० पानांवर १ लाख १५ हजार निव्वळ नफा! त्याला तर माल घाऊक भावात मिळतो. आचारी, वाढपी, टेम्पो धरून फार तर १० हजार जात असतील. वर ५०० सांगून ४३० आले तरी पैसे ५००चेच, आणि उरलेलं अन्नही तोच घेऊन जातो. त्यापेक्षा सरळ आचारी लावा.»

साताऱ्याकडे बारा वर्षं केटरिंग करतोय. हा मेसेज मला आजवर चौघांनी पाठवला, त्यातले दोघे माझेच गिऱ्हाईक. म्हणून गेल्या मे महिन्यातल्या एका लग्नाची वही समोर घेऊन बसलो. दुपारचं जेवण, ५०० पानं, बुफे, कार्यालय आमच्या भटारखान्यापासून २८ किलोमीटरवर. मेनू नेहमीचा: मसालेभात, वरण-भात, पुरी, बटाट्याची भाजी, पनीरची भाजी, कोशिंबीर, जिलेबी, मठ्ठा, पापड-लोणचं. दर ३२०, कर धरून.

आधी कबुली देतो. नव्वदचा आकडा बरोबर आहे. माझ्या वहीत शिधा, भाजीपाला, दूध-दही-पनीर मिळून पानाला ९४ रुपये आलेत. साधारण ५० किलो तांदूळ, पुरीला ३५ किलो कणीक, ५० किलो बटाटा, तेलाचे पंधरा किलोचे तीन डबे, जिलेबी ४० किलो. घाऊक बाजारात किराणा स्वस्त मिळतो हेही खरं, पण तो फायदा भाजीत बराचसा गळून जातो. मसालेभातासाठी मटार शेंगेच्या वजनाने घेतो आणि दाणा हाती येतो निम्म्याहून कमी. फ्लॉवरचा दांडा-पाला काढला की गड्डा हलका होतो. घरी आपण किलोभर फ्लॉवर आणून जेवढा शिजला तेवढाच खातो, मोजत कोणी नाही. इथे मोजावंच लागतं, कारण ५०० जणांच्या वाटीत पडायला हवा तो निवडलेला फ्लॉवर, आणि पैसे जातात न निवडलेल्याचे.

शिवाय ५००ची ऑर्डर असली तर मी ५२५चं शिजवतो. पाच टक्के वर धरले नाहीत तर शेवटच्या पन्नास जणांच्या ताटात पनीर नसतं, आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं. त्यामुळे शिधा झाला ४९ हजारांचा. गॅस, पिण्याच्या पाण्याचे जार आणि मठ्ठ्याचा बर्फ मिळून ९ हजार. घरचा लाल सिलिंडर या कामाला लावता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच लागतो, आणि पुरी-जिलेबीच्या कढया साडेतीन-चार सिलिंडर सहज पितात.

खरी चूक माणसांच्या हिशेबात आहे. मेसेज लिहिणाऱ्याला दुपारी काउंटरमागे उभे असलेले पोरगे दिसले, म्हणून त्याने तेवढेच मोजले. आमचं लग्न आदल्या दिवशी संध्याकाळी सुरू होतं. चार बायका रात्री अकरापर्यंत भाजी निवडतात आणि चिरतात. मुख्य आचारी आणि त्याचे तीन मदतनीस पहाटे चारला भट्टी पेटवतात. जिलेबीवाला वेगळा, कारण आचाऱ्याला जिलेबी येतेच असं नाही, आणि ज्याला येते तो त्या दिवशी दुसरं काही करत नाही. पुऱ्या लाटायला सहा बायका. पुरी हा या धंद्यातला सर्वांत खर्चीक पदार्थ आहे असं माझं मत, कणीक स्वस्त असली तरी. वरण-भात करून झाकून ठेवता येतो, पुरी ठेवता येत नाही. पहिल्या पाहुण्यापासून शेवटच्या पाहुण्यापर्यंत दोन-अडीच तास लाटणाऱ्या आणि तळणारे, कोणालाच सोडता येत नाही. पुरी काढून चपाती ठेवली तर सुटका होत नाही, लाटायला आणखी माणसं लागतात.

वाढायला बुफेत १४ जण पुरतात. पंगत असती तर साधारण बारा-पंधरा पानांमागे एक वाढपी लागतो, आणि एका वेळी पावणेदोनशे बसले तरी वरण, भात, तूप, पाणी अशा फेऱ्यांना तो आकडाही कमीच पडतो. त्यांच्यावर एक सुपरवायझर, भांडी घासायला पाच, उचल-ठेव करायला तीन. एकूण मजुरी ३२ हजार, म्हणजे पानाला ६४ रुपये. या चाळीसेक माणसांचा नाश्ता आणि जेवण वेगळं लिहीत नाही, ते जास्तीच्या पानांत आणि न आलेल्या पाहुण्यांच्या पानांत भागतं. भागलं नाही तर आम्ही वडापाव खातो.

वाहतूक थोडक्यात सांगतो. २८ किलोमीटरचं भाडं म्हणजे २८ किलोमीटरचे पैसे नव्हेत. भांड्यांचा टेम्पो आदल्या संध्याकाळी जातो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परततो. तोवर तो तिथेच उभा असतो आणि थांबल्याचेही पैसे घेतो. एक छोटा टेम्पो सकाळी दूध, दही, बर्फ, पनीर आणतो. माणसांना ने-आण करायला जीप. मिळून साडेदहा हजार. भांडी, काउंटर, मेजावरची कापडं, त्यांची धुलाई, वाट्या, टिश्यू, हरवलेले चमचे यांचे साडेआठ हजार. चमचे का हरवतात हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक उष्ट्याबरोबर कचऱ्यात जातात.

आता जे कोणालाच दिसत नाही ते. भटारखान्याचं भाडं, दोन कायमच्या माणसांचा पगार, अन्नसुरक्षेचा परवाना, वीज, भांड्यांना कल्हई, असं माझं वर्षाला ४ लाख ८० हजार जातं. हे भाडं बारा महिने द्यावं लागतं, पण लग्नं बारा महिने नसतात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्तिकीनंतर तुळशीचं लग्न होईपर्यंत आमच्याकडे लग्नाचे मुहूर्त नाहीत. बारशी, वाढदिवस, गणपतीतली जेवणं येतात, पण पानं पन्नास-शंभर. मोठी कामं वर्षाला चाळीस मिळतात. म्हणजे प्रत्येक कामाने १२ हजारांचा भार उचलायचा.

आणि जीएसटी. केटरिंगला साधारणपणे ५ टक्के कर आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. ३२० हा कर धरून सांगितलेला दर होता, म्हणून १ लाख ६० हजारांतले सुमारे ७ हजार ६०० सरकारचे. माझ्या हाती आले १ लाख ५२ हजार ४००.

शिधा ४९ हजार, गॅस-पाणी-बर्फ ९, माणसं ३२, वाहतूक साडेदहा, भांडी-सामान साडेआठ, वर्षाचा वाटा १२. बेरीज १ लाख २१ हजार. शिल्लक ३१ हजार ४००. पानाला साधारण ६३ रुपये. हा धंदा तोट्याचा आहे असं मी म्हणत नाही. पण त्या ६३ रुपयांत माझे स्वतःचे तीन दिवस आहेत, आणि पुढे सांगतो ती जोखीमही.

त्या लग्नाला आले ४३०. पैसे ४३०चेच घेतले असते, तर कर वजा जाता हाती सुमारे १ लाख ३१ हजार आले असते आणि शिल्लक राहिले असते दहा हजार. आचारी, टेम्पो, लाटणाऱ्या, भाडं, यातलं काहीच ७० पाहुणे न आल्यामुळे कमी होत नाही. मसालेभात सकाळी दहालाच चुलीवर होता. वाचलं ते थोडी न भिजवलेली कणीक आणि न फोडलेली पापडाची पाकिटं. १४ टक्के पाहुणे कमी आले की फायद्याचे दोन तृतीयांश जातात. म्हणून किमान पानांची अट असते.

पण इथे गिऱ्हाइकाची बाजूही आहे आणि ती धंद्यातले लोक सांगत नाहीत. चार दिवस आधी फोन करून कोणी ५००चे ४३० केले, तर ते मान्य न करणारा केटरर चुकतोय. तोवर तांदूळ-डाळ दुकानात असते, भाजी शेतात आणि दही गवळ्याकडे. शिध्याचेच साडेसहा हजार वाचतात, शिवाय दोन-तीन माणसं कमी बोलावता येतात. आदल्या दिवशी सकाळी भाजीचा टेम्पो निघाला की मात्र आकडा गोठतो. ठरवताना हा दिवस कागदावर लिहून घ्यावा. त्याच कागदावर पानं कशी मोजायची तेही लिहावं: काउंटरला ताटं मोजून ठेवायची आणि शेवटी उरलेली दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर मोजायची. माझी बहुतेक भांडणं याच मोजणीवरून झाली आहेत.

उरलेल्या अन्नाचं काय होतं? मे महिन्यात दुपारी तीनला पनीरची भाजी आणि मठ्ठा पुढे विकावा असा मूर्खपणा कोणी करू नये. शिजलेलं अन्न कढत नसेल तर चार तासांत धोक्याचं होतं, आणि उन्हातल्या टेम्पोत त्याआधीच. भात, जिलेबी घरच्यांनी नेली तर डब्यात भरून देतो, नाहीतर फेकण्याचेही कष्ट आमचेच. बंद पाकिटं, लोणच्याची बरणी आणि न उघडलेला तेलाचा डबा मात्र परत येतो, तो माझाच. तेवढा आरोप कबूल.

नासाडी नेमकी कुठे झाली हे पाहायचं तर उष्ट्याची बादली आणि काउंटरची पातेली वेगवेगळी पाहावीत. पातेल्यात उरलं तर पाहुण्यांचा अंदाज चुकला. बादलीत पुऱ्या आणि भात दिसला तर काउंटरची मांडणी चुकली: बुफेत माणूस पहिल्या दोन पदार्थांनीच ताट भरतो. मी भात शेवटी नेला तेव्हापासून बादलीतला भात निम्म्यावर आला.

राहिला आचारी लावण्याचा सल्ला. गावाकडे भावकी मोठी असेल, चिरायला बायका, वाढायला पोरं आणि गावकीची भांडी मिळत असतील, तर ते खरंच स्वस्त पडतं, आणि अशांना मी स्वतः आचाऱ्याचा नंबर देतो. तिथे माझ्या यादीतले ३२ हजारांतले निम्मे आणि भांड्यांचे साडेआठ हजार वाचतात. पण आचारी शिध्याची यादी सढळ हाताने लिहितो, कारण कमी पडलं तर बोल त्यालाच लागतो आणि उरलं तर पैसे त्याचे नसतात. त्याने चार डबे तेल लिहिलं असेल तर तीनच आणावेत आणि चौथ्यासाठी किराणावाल्याला दुकान उघडं ठेवायला सांगावं.