ओटीपी आधी सांगा, डबा मागाहून बघा

बेळगावच्या शहापूर, वडगाव, टिळकवाडी किंवा थेट खानापूर-निपाणीकडच्या कोणत्याही सुजाण ग्राहकाने नवा मोबाईल घरपोच मागवताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ऑर्डरच्या पानावर ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ असे लिहिलेले दिसले, तर ती सोय आपल्यासाठी नसून त्या पानाची शोभा वाढवण्यासाठी आहे असे समजून तिच्याकडे सविस्तर दुर्लक्ष करावे. या सोयीत पार्सल घेऊन आलेला मुलगा आपल्यासमोर बाहेरचे वेष्टन आणि आतला कंपनीचा डबा उघडतो. आपण मागवलेलेच मॉडेल, तोच रंग आणि तेवढीच मेमरी आली आहे का, वस्तू फुटलेली-चेपलेली नाही ना, आणि डब्यात जे असायला हवे ते सगळे आहे का, एवढे आपण पाहायचे असते आणि मगच मोबाईलवर आलेला ओटीपी त्याला सांगायचा असतो. पसंत नसेल तर ओटीपी न सांगता वस्तू परत पाठवता येते. इतकी सरळ गोष्ट असूनही तिचा योग्य तो विचका करण्यासाठी काही पूर्वतयारी लागते, म्हणून हे मार्गदर्शन.

पहिली तयारी ओटीपीची. तो आकडा पुष्कळदा पार्सल सकाळी वाटपाला निघते तेव्हाच येऊन पडलेला असतो, आणि वस्तू तपासल्यावरच तो सांगावा असे त्याच संदेशात लिहिलेले असते. तेवढे वाक्य सोडून बाकीचा संदेश वाचावा. मुलाने खालून हाक मारली की माडीवरूनच आकडा ओरडून सांगावा, म्हणजे त्याचा जिना चढण्याचा त्रास वाचतो आणि गल्लीतल्या चार घरांनाही तो पाठ होतो. आपण बँकेत असाल, तर घरी असलेल्या सासूबाईंना वस्तू घ्यायला सांगून आकडा फोनवरच त्या मुलाला द्यावा. ओटीपी सांगणे म्हणजे ‘मी डबा उघडून पाहिला, वस्तू योग्य आणि धडधाकट आहे’ अशी सही करणे होय. डबा कोणी पाहिला, किंवा पाहिला तरी का, हा प्रश्न त्या आकड्याला पडत नाही.

आता एक आदर्श उदाहरण. आमच्या शेजारच्या काकूंनी १७,९९९ रुपयांचा फोन मागवला आणि जुना फोन १,८५० रुपयांना बदलीत देण्याचे ठरवले. दुपारी मुलगा आला. त्याने प्रथम जुना फोन मागून घेतला, तो सुरू केला, `*#06#` दाबून पडद्यावरचा आयएमईआय क्रमांक आपल्या ॲपमधल्या क्रमांकाशी ताडून पाहिला, कुलूप काढायला लावले, पडद्यावर बोट फिरवून चीर आहे का ते तपासले, फोन उजेडाकडे वळवून कडा पाहिल्या. एका कोपऱ्याशी केसाएवढी रेघ होती. “काकू, हे क्रॅक हाय काय?” असे विचारून तो थांबला. चीर निघाली असती तर बदली रद्द झाली असती, आणि नवा फोन घ्यायचा तर ते १,८५० रुपये काकूंनाच भरावे लागले असते. काकूंनी पदराने पुसून दाखवल्यावर ती रेघ काचेवरच्या फिल्मची निघाली. “आयतु,” असे म्हणून त्याने समाधानाने मान हलवली. या सगळ्याला सात-आठ मिनिटे लागली, आणि काकूंना त्या मुलाच्या काटेकोरपणाचे फार कौतुक वाटले.

मग नव्या फोनची पाळी आली. डबा उघडला, झाकण बाजूला झाले, पांढऱ्या कागदाखाली काळा चौकोन चमकला. “बघा काकू, हाय नव्हं? ओटीपी सांगा की, अजून तीस पार्सलं हायत.” काकूंनी चार सेकंद पाहिले आणि ओटीपी सांगितला. एरवी याच बाईने दहा रुपयांची कोथिंबीर घेताना देठ मोडून पाहिले असते. पण भाजीवाल्याकडे तीस पार्सले नसतात. संध्याकाळी फिल्म काढल्यावर खालच्या कोपऱ्याची कड चेपलेली दिसली. तक्रार केली तेव्हा नम्र उत्तर आले की आपली ओपन बॉक्स डिलिव्हरी यशस्वीपणे पूर्ण झालेली असल्यामुळे बाह्य नुकसान, चुकीची वस्तू किंवा डब्यातली उणीव याबद्दलची तक्रार आता घेता येत नाही.

तेव्हा या प्रसंगातून धडा घेऊन डब्यावरच्या स्टिकरकडे मुळीच पाहू नये. तिथे पंधरा आकडी आयएमईआय छापलेला असतो, दोन सिमच्या फोनला दोन असतात, आणि हाच क्रमांक बहुधा बिलावरही येतो. काही फोनच्या पाठीवर किंवा पडद्यावरच्या फिल्मवरही तो असतो. हे क्रमांक एकमेकांशी जुळवायला चष्मा लावून एक मिनिट पुरते, आणि नवा फोन सुरू न करताही ते करता येते, म्हणूनच ते टाळावे. आपल्या चालू फोनवरून `KYM`, मग मोकळी जागा आणि तो पंधरा आकडी क्रमांक असा एसएमएस `14422` वर पाठवला, तर त्या क्रमांकाचा फोन कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मॉडेलचा आहे ते कळते, हेही शेजाऱ्यांना सांगू नये. उगाच दारात गर्दी होते. तसेच डब्यात काय काय मिळणार याची यादी वस्तूच्या पानावर आधी वाचून ठेवू नये. हल्ली बऱ्याच फोनबरोबर चार्जर मुळातच येत नाही. यादी न वाचता त्या मुलाशी चार्जरवरून वीस मिनिटे भांडले की खरोखर नसलेली केबल लक्षात येण्याइतका उत्साह उरत नाही.

उत्साह शिल्लक राहिलाच, तर तो पुढच्या कामी लावावा. नवा फोन सुरू करून दाखव, सिम घालून बघू दे, चार्जिंगला लाव, कॅमेऱ्याने नातवाचा एक फोटो काढू दे, असा आग्रह धरावा. यातले काहीही दारात करता येत नाही. तपासणी डोळ्यांनी आणि हातांनी करायची असते. फोन चालतो की नाही हे त्यात येत नाही. ज्या उंबऱ्यावर आपला पाच वर्षांचा जुना फोन सुरू करून, कुलूप काढून, नखशिखांत तपासला जातो, त्याच उंबऱ्यावर अठरा हजारांचा नवा फोन बंदच राहतो, यामागे काही सूक्ष्म तत्त्व असावे. ते समजेपर्यंत मुलगा पुढच्या गल्लीत पोहोचलेला असतो. सीमेचा निकाल लागेल म्हणून १९५६ पासून धीर धरून बसलेल्या आपल्या भागाला दारातली पाच मिनिटे मात्र फार वाटतात, हेही तितकेच सूक्ष्म आहे.

आणखीही काही मागण्या हमखास करून पाहाव्यात. फोन ठेवतो पण खरचटलेले कव्हर परत ने, किंवा कोपरा चेपला आहे तर पाचशे रुपये कमी कर, किंवा गाडीतला दुसरा फोन दे, असे म्हणावे. त्या मुलाच्या हातात दोनच गोष्टी असतात, सगळे देणे किंवा सगळे परत नेणे. पैसे आधी भरले असतील तर ते परत देणेही त्याच्या हातात नसते. वस्तू नाकारल्याची नोंद झाल्यावर रक्कम जिथून आली त्या खात्याकडे कंपनीकडून जाते. म्हणून त्याच्याकडे रोख परतावा मागून ठिय्या धरून बसावे आणि ‘नाकारले’ अशी नोंद त्याने खरेच केली का, हे ऑर्डरच्या पानावर पाहायचे मात्र विसरावे.

ज्या पार्सलवर ही सोयच नाही, तेही उघडायला लावावे. ऑर्डरच्या पानावर तसे लिहिलेले नसेल तर पैसे घेण्याआधी तो मुलगा वेष्टनाला ब्लेड लावू शकत नाही. पोस्टाची व्हीपी सोडवताना आपल्या वडिलांनी आधी पैसे मोजले आणि मग दोरा तोडला, तीच रीत इथे लागू आहे. अशा पार्सलाच्या बाबतीत करण्यासारखी एकच उपयोगी गोष्ट म्हणजे चिकटपट्टी कापण्याआधी पत्त्याची चिठ्ठी दिसेल अशा रीतीने व्हिडिओ सुरू करून सलग उघडणे. ओपन बॉक्सच्या वेळीही तो काढता येतो. पण पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही.

फोन घरात येऊन सुरू केल्यावर स्पीकरमधून आवाज येईना, तर घाबरून लगेच तक्रार करू नये. चेपलेला कोपरा आणि मुका स्पीकर ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. पहिल्यावर आपल्या ओटीपीची सही असते, पण दुसरा दोष दारात दिसण्यासारखाच नव्हता. त्यामुळे त्याची तक्रार वस्तूच्या परतीच्या मुदतीत करता येते. ही मुदत ऑर्डरच्या पानावर दिलेली असते आणि फोनसाठी ती बहुधा थोड्याच दिवसांची असते. ती उलटेपर्यंत ‘बघू, आपोआप सुरू होईल’ असे म्हणत राहिले की प्रकरण वॉरंटीत जाते आणि सर्व्हिस सेंटरची वाट चालायला मिळते.

कायद्याची पुस्तके तर घरात ठेवूच नयेत. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या ४१ व्या कलमात, आधी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे मानले जात नाही, असे म्हटले आहे. चार सेकंदांची संधी वाजवी की अवाजवी, यावर माणूस विचार करू लागला तर झोप जाते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन एका महिन्यात तक्रार निकाली काढावी. त्यापुढे १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तर ग्राहक जिथे राहतो तिथेच दावा करता येतो, म्हणजे कंपनीचे कार्यालय कुठेही असो, बेळगावच्या माणसाला बेळगावातच. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. एवढी सोय पाहून कोणाला मोह होईल, म्हणून बिल आणि व्हिडिओ दोन्ही आधीच पुसून टाकावेत.

काकूंनी यातले काही केले नाही. त्या कोपऱ्यावर त्यांनी निळे कव्हर चढवले. रात्री ‘आजची डिलिव्हरी कशी वाटली?’ असा संदेश आला तेव्हा त्यांनी पाच चांदण्या दिल्या, कारण पोरगा भर उन्हात आला होता आणि त्याने पाणीसुद्धा मागितले नव्हते.