कॉफी व्हाईटनर, मिल्क पावडर आणि क्रीम : एका फॉरवर्डचा प्रतिवाद

“ऑफिसच्या मशीनमधली पांढरी पावडर दुधाची नाही, प्लास्टिकची असते!! मेणबत्तीवर भुरभुरा, पेट्रोलसारखा भडका उडतो. त्यातले हायड्रोजनेटेड तेल म्हणजे ट्रान्स फॅट, म्हणजे हार्ट अटॅक. ‘नॉन-डेअरी’ म्हणजे दुधाचा कणही नाही. त्यापेक्षा मिल्क पावडर किंवा क्रीम टाका, काम तेच, धोका शून्य. सर्व ग्रुपवर पाठवा.”

हा मजकूर आमच्या वाशीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, दुसऱ्या दिवशी तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर आला आणि आठवडाभरात ठाण्यातल्या मावशीकडूनही आला. माझे काम खाद्यपदार्थांच्या पावडरींशी संबंधित असल्यामुळे तिघांनीही मलाच विचारले. मजकुरातला एक धागा खरा आहे, पण त्याच्याभोवती जे विणले आहे ते चुकीचे आहे, म्हणून एकेका मुद्द्याचे उत्तर देतो.

आधी ज्वालेचा मुद्दा घेऊ, कारण त्याचा व्हिडिओ बघूनच बहुतेकांची खात्री पटलेली असते. कोणतीही बारीक, कोरडी आणि जळू शकणारी पावडर हवेत पसरली की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी प्राणवायू मिळतो आणि ठिणगी लागताच सगळे कण जवळपास एकाच वेळी पेट घेतात. मैदा, पिठीसाखर, हळद आणि खुद्द मिल्क पावडर यांचेही असेच होते. म्हणून तर दुधाची पावडर बनवणाऱ्या कारखान्यांतील फवारा-शुष्ककांना, म्हणजे स्प्रे ड्रायरना, स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झाकणे बसवलेली असतात. व्हाईटनरमध्ये सुमारे एक तृतीयांश फॅट आणि बाकी बहुतांश शर्करा असल्यामुळे भडका जरा जोरदार दिसतो, एवढेच. हीच पावडर चमच्यात ढीग करून ज्योतीवर धरली तर भडका उडत नाही; ती वितळते, तपकिरी होते आणि करपलेल्या साखरेचा वास येतो. शिवाय प्लास्टिक गरम पाण्यात विरघळत नाही, ही साधी गोष्ट व्हिडिओ बनवणाऱ्यांच्या ध्यानात का येत नाही हे मला कळलेले नाही. (ज्योतीवर पावडर भुरभुरण्याचा प्रयोग घरी करू नये, भुवया जळतात.)

मग त्या पावडरीत असते तरी काय? ब्रँडनुसार प्रमाण बदलते, पण शंभर ग्रॅम व्हाईटनरमध्ये साधारणपणे निम्म्याहून अधिक भाग ग्लुकोज सिरपच्या घन पदार्थांचा असतो, तीसएक ग्रॅम वनस्पतिजन्य फॅट असते, दोन ते पाच ग्रॅम सोडियम केसिनेट असते आणि उरलेल्यात फॉस्फेट, तेल-पाणी एकजीव ठेवणारा इमल्सिफायर व गुठळ्या रोखणारा सिलिका येतो. फॅट बहुधा पाम कर्नलचे, म्हणजे पामच्या फळाच्या गराचे नव्हे तर बियांतील मगजाचे, किंवा खोबऱ्याचे असते. पातळ मिश्रण उच्च दाबाने फेटून फॅटचे थेंब सुमारे एक मायक्रॉनइतके बारीक करतात आणि मग ते गरम हवेत फवारून वाळवतात. कॉफी पांढुरकी होते ती याच थेंबांमुळे, कारण त्यांच्यावर प्रकाश आदळून सर्व दिशांना विखुरतो. त्यात वेगळा पांढरा रंग असण्याची गरज नसते.

फॅटविषयीचा आरोप जास्त गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्याचा अर्धा भाग योग्य आहे. तेल अर्धवट हायड्रोजनेट केले, म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केले, तर ट्रान्स फॅट तयार होते. पण ते पूर्ण हायड्रोजनेट केले तर ट्रान्स होऊ शकणारे दुहेरी बंधच जवळपास उरत नाहीत. पाम कर्नल तेलात असे बंध मुळातच थोडे असतात, कारण त्यातील ऐंशी टक्क्यांहून जास्त फॅटी आम्ले संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली, असतात. म्हणजे आवरणावर ‘हायड्रोजनेटेड’ हा शब्द दिसला म्हणून ट्रान्स फॅट असेलच असे नाही. ते किती आहे, हे पोषणतक्त्यातील ट्रान्स फॅटच्या ओळीवरूनच पाहावे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, जानेवारी २०२२ पासून तेले, फॅट आणि त्यांपासून बनवलेल्या पदार्थांतील औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा एकूण फॅटच्या २ टक्क्यांवर आणली आहे.

संपृक्त फॅटबाबत मात्र व्हाईटनर निर्दोष नाही, आणि क्रीमही नाही. पाच ग्रॅम व्हाईटनरमध्ये सुमारे दीड ग्रॅम फॅट असेल आणि त्यातले जवळजवळ सगळे संपृक्त असेल. होल मिल्क पावडरमध्ये नियमानुसार किमान २६ टक्के फॅट असते. पाच ग्रॅमला ते सुमारे १.३ ग्रॅम होते, आणि दुधाच्या फॅटचा साधारण ६५ टक्के भाग संपृक्त धरला तर ०.८५ ग्रॅम. आता कॉफीला आवश्यक तेवढे पंधरा ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा, २५ टक्क्यांचे क्रीम घ्या : फॅट पावणेचार ग्रॅम आणि संपृक्त भाग सुमारे २.४ ग्रॅम. ‘धोका शून्य’ म्हणून सुचवलेल्या पर्यायातच संपृक्त फॅट सर्वांत जास्त निघते. दुधाच्या फॅटमध्ये निसर्गतःही थोडी ट्रान्स आम्ले असतात. वरची मर्यादा औद्योगिक ट्रान्स फॅटला लागू होते, त्यांना नाही.

फॉरवर्डने ज्यावर बोलायला हवे होते ते वगळले आहे. आमच्या ऑफिसात ‘बिनसाखरेची’ कॉफी दिवसाला पाच वेळा पिणारे काही जण आहेत. प्रत्येक कपात पाच ग्रॅम व्हाईटनर म्हणजे दिवसाला पंचवीस ग्रॅम, आणि त्यात चौदाएक ग्रॅम ग्लुकोज सिरप असते. ते साखरेइतके गोड लागत नाही म्हणून लक्षात येत नाही. मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तात मात्र ते साखरेसारखेच जाते. त्याच पंचवीस ग्रॅममध्ये प्रथिने फार तर एक-सव्वा ग्रॅम मिळतात, तर तेवढ्याच मिल्क पावडरमध्ये सहा-साडेसहा ग्रॅम मिळतात. व्हाईटनरवर टीका करायचीच असेल तर ती इथे करावी.

तिसरा मुद्दा नावाचा आहे आणि तो प्रकृतीच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक आहे. वर उल्लेखलेले सोडियम केसिनेट दुधातूनच येते. लिंबू पिळून आपण पनीर काढतो त्याच तत्त्वावर दूध आम्लाने फाडून केसीन हे प्रथिन वेगळे करतात, धुतात आणि अल्कलीने उदासीन करून विद्राव्य बनवतात. फॅटच्या प्रत्येक थेंबाभोवती त्याचे पातळ कवच तयार होते. ते नसेल तर तेल वर तरंगेल. धुण्यात लॅक्टोज बहुतांश निघून जाते, म्हणून ज्यांना लॅक्टोज पचत नाही त्यांना असे व्हाईटनर सहसा त्रास देत नाही. परंतु दुधाची ॲलर्जी ही प्रथिनांची असते आणि केसीन त्यांतील प्रमुख आहे. अशा मुलाला ‘नॉन-डेअरी’ शब्दावर विसंबून हे पेय देणे ही मोठी चूक ठरेल. अमेरिकेतही नॉन-डेअरी म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात केसिनेट असेल तर ते दुधापासून आल्याचे घटकयादीत लिहावे लागते. आपल्याकडे आवरणावर ॲलर्जीची सूचना आणि केसिनेट हा शब्द दोन्ही पाहावेत. हिरव्या ठिपक्याचा इथे उपयोग नाही, कारण दूध असलेल्या पदार्थावरही तोच ठिपका असतो.

आणखी एक गोंधळ दुकानात होतो. आपल्याकडे ‘डेअरी व्हाईटनर’ नावाने मिळणारी पावडर दुधाची असते आणि तिच्यात बहुधा साखर घातलेली असते. ‘नॉन’ हा एक शब्द वगळला की वस्तू बदलते, त्यामुळे मोठ्या अक्षरातल्या नावापेक्षा घटकयादीतला पहिला पदार्थ वाचावा : तिथे दूध लिहिले आहे की ग्लुकोज सिरप.

राहिला ‘काम तेच’ हा दावा. आमच्या पॅन्ट्रीत मी तीन कप केले. प्रत्येकात नुकतेच उकळलेले १२० मिलिलिटर पाणी आणि दोन ग्रॅम इन्स्टंट कॉफी घेतली. पहिल्यात पाच ग्रॅम व्हाईटनर टाकताच रंग एकसारखा झाला. दुसऱ्यात पाच ग्रॅम मिल्क पावडर थेट टाकली, तर बाहेरून भिजलेल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या झाल्या आणि काही मिनिटांनी तळाशी बारीक पांढरा साका दिसला. तिसऱ्यात फ्रिजमधले क्रीम ओतले. वर चकचकीत पिवळसर ठिपके आले आणि मधे पिसांसारखे पांढरे तुकडे तरंगू लागले.

यांतील दोन दोष वेगवेगळे ओळखावेत. गोल, चमकणारे ठिपके म्हणजे सुटलेले फॅट. पांढरे, अनियमित तुकडे म्हणजे साकळलेले प्रथिन. कॉफी आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण पाचच्या आसपास असतो, केसीन ४.६ जवळ साकळते आणि उष्णता व पाण्यातील कॅल्शियम त्याला मदत करतात. धरणाच्या पाण्यापेक्षा टँकरने येणाऱ्या बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम सहसा जास्त असते, त्यामुळे पाणीकपातीच्या दिवसांत हा दोष वाढलेला दिसू शकतो. व्हाईटनरमधले फॉस्फेट (यादीत आयएनएस ३४०) आम्लता सांभाळते आणि कॅल्शियम बांधून ठेवते. पाकिटात ‘केमिकल’ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते त्याचे काम हेच आहे.

मिल्क पावडर वापरणाऱ्याने ती आधी एक मोठा चमचा कोमट पाण्यात कालवून घ्यावी आणि मग कॉफी ओतावी. मी तसे करून पाहिले तेव्हा गुठळ्या जवळपास नाहीशा झाल्या. क्रीम खोलीच्या तपमानाला आणावे आणि उकळी बसल्यावर दोन-तीन मिनिटांनी घालावे. व्हाईटनरची मर्यादा उलट बाजूची आहे : त्यातील फॅट थंड पाण्यात घट्टच राहते, म्हणून कोल्ड कॉफीत ते थेट टाकले तर दाणे वर तरंगतात, आणि आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून घ्यावे लागते. लिंबू पिळलेल्या चहात मात्र तिन्हींपैकी काहीही टाकू नये, कारण तिथला पीएच फॉस्फेटच्या आवाक्याबाहेर खाली गेलेला असतो आणि व्हाईटनरही फाटते.