‘घरचं सोयाबीन पेरा’ ही क्लिप आणि तुमचा अभिप्राय

“व्हिडिओत म्हणले घरचं सोयाबीन बिनधास्त पेरा, एकरी ३० किलो. तसंच पेरलं. उगवण विरळ झाली. एक स्टार.”

दादा, त्या क्लिपमध्ये ‘३० किलो’ राहिलं आणि त्याच्या आधीचं ‘७० टक्के उगवण असेल तर’ हे आमच्याकडून कापलं गेलं. ऐकणाऱ्याने तुम्ही घेतला तोच अर्थ घेणं साहजिक आहे. क्लिप काढली आहे. तिच्या जागी टाकत असलेल्या व्हिडिओतलं बोलणं असं आहे:

“घरचं सोयाबीन बियाणं म्हणून चालतं, कारण पीक स्वपरागीत आहे. परभणीच्या विद्यापीठाचा एमएयूएस ७१ किंवा ६१२ सारखा सरळ वाण दोन-तीन वर्षं घरचा वापरता येतो. पण दाण्याचं टरफल फार पातळ, आणि मोड येतो तो भाग टरफलाला अगदी लागून असतो. मळणी यंत्र जोरात फिरलं, पोती आदळली, की दाणा वरून चांगला दिसतो पण आतून मेलेला असतो. म्हणून पेरणीआधी उगवण तपासायचीच.

“प्रत्येक पोत्यातून मूठभर दाणे काढून एकत्र मिसळा. त्यातले न निवडता १०० मोजा. टपोरे वेचून घेतले की आकडा खोटा येतो. बारदान धुऊन त्याचे तुकडे करा. ओल्या तुकड्यावर दहा-दहाच्या दहा ओळी लावा, वर दुसरा ओला तुकडा टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा. अशा तीन गुंडाळ्या करा. रोज पाणी शिंपडा. ओल राहावी, पाणी साचू नये, नाहीतर दाणे कुजतात. सहाव्या-सातव्या दिवशी उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलाच दाणा मोजा. नुसता फुगलेला, तुटक्या मुळाचा किंवा बुरशी लागलेला सोडून द्या.

“समजा ६६, ६३ आणि ६६ उगवले, म्हणजे सरासरी ६५. ३० ला ७० ने गुणा आणि ६५ ने भागा. एकरी साधारण ३२ किलो ३०० ग्रॅम लागतील. ६० टक्के आली तर ३५ किलो. ६० च्या खाली आली तर ते बियाणं पेरू नका. किलो वाढवून भागत नाही, कारण असल्या ढिल्या दाण्याचा मोड मातीची पापडी फोडून वर येत नाही.”

दादा, तुमच्याकडं त्याच पोत्यातलं बियाणं शिल्लक असेल तर किलोभर दुकानात आणा, तीन गुंडाळ्या आम्ही लावतो, पैसे नाहीत. उगवून आठ दिवसांच्या आत असाल तर नांगे भरून घ्या, पण त्यासाठी बियाणं तपासलेलंच वापरा. आणि खोली मोजून बघा. सोयाबीन तीन-चार सेंटीमीटरच्या खाली गेलं असेल, तर विरळ उगवणीला तेही कारण असू शकतं.